रीडिंगचं बेटिंग अकाउंट, कोथरूडचं वायफाय आणि अडकलेले पाउंड

ताई, मी सहा वर्षं रीडिंगला आहे, आयटीत. बाबांच्या बायपाससाठी तीन महिने कोथरूडला आलोय. तिकडच्या एका लायसन्सवाल्या साईटवर माझं जुनं अकाउंट आहे, निघताना त्यात १,२२० पाउंड होते. इथे आल्यावर पहिला आठवडा यूकेच्या सिमवर ॲप मस्त चालत होतं, २०-२० च्या तीन बेट लावल्या, तिन्ही गेल्या. मग घरच्या वायफायवर उघडलं तर ब्लॉक. मित्र म्हणाला व्हीपीएन लाव, लावलं, २००-२०० च्या दोन बेट टाकल्या आणि दोन्ही जिंकलो. बॅलन्स झाला १,८४०. पैसे काढायला गेलो तर अकाउंट सस्पेंड, आता पासपोर्ट, पत्ता, पगाराचे कागद मागतायत. पैसे खाणार का हे लोक? आणि इथे भारतात माझ्यावर केस वगैरे होऊ शकते का? – कोथरूडकर

कोथरूडकर, आधी आकड्याचं बोलते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील. तुझे १,१६० पाउंड बहुतेक सुटतील, नीट भांडलास तर १,२२० पण सुटतील, आणि वरचे ६८० तू आत्ताच मनातून काढून टाक. इंग्लंडमध्ये एका बेटिंग कंपनीच्या व्हेरिफिकेशन डेस्कवर मी काही वर्षं बसलेय, तुझ्यासारखी प्रकरणं सुट्ट्यांच्या सीझनला रोज यायची, त्यामुळे पलीकडचा माणूस स्क्रीनवर काय बघतोय ते मला साधारण माहितीये.

पहिली गोष्ट म्हणजे ब्लॉक का झालं. सगळ्यांना वाटतं की अकाउंट यूकेचं, कार्ड यूकेचं, पासपोर्टवर शिक्का यूकेचा, मग मी कुठेही बसून लावलं तर यांना काय त्रास. पण लायसन्स तुझ्या अकाउंटला नसतं, बेट लावताना तू कुठे बसलायस त्याला असतं. ब्रिटनमध्ये २०१४ साली कायदा बदलला आणि तेव्हापासून कंपनी जिब्राल्टरला असो नाहीतर माल्टाला, ब्रिटनमध्ये बसलेल्या ग्राहकाकडून बेट घ्यायची तर गॅम्बलिंग कमिशनचं लायसन्स लागतंच. याचीच उलटी बाजू अशी की तो ग्राहक विमानात बसून पुण्याला उतरला की कंपनीच्या दृष्टीने ती भारतात धंदा करतेय, आणि भारतात धंदा करायला तिच्याकडे काहीच नाहीये. वरून आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन गेम बंद, कौशल्याचा खेळ की नशिबाचा हा वादच ठेवला नाही, आणि असा खेळ देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. आता सांग, तुझ्या २० पाउंडांच्या बेटसाठी कोणती कंपनी हे अंगावर घेईल. कमिशनही विचारतं की बाबांनो दुसऱ्या देशातून पैसे येत असतील तर तिथे ते कायदेशीर आहे ना. म्हणून भारताचं नाव बंदीच्या यादीत टाकून मोकळे होतात. (कोणीतरी विचारणारच म्हणून सांगते, गोव्याला जाऊनही काही फरक पडत नाही. मांडवीतले कॅसिनो गोव्याच्या स्वतःच्या जुन्या कायद्याखाली चालतात, त्याचा तुझ्या ब्रिटिश ॲपशी काडीचा संबंध नाही, आणि ब्लॉक देश बघून लागतं, राज्य बघून नाही.)

आता तुझ्या त्या पहिल्या आठवड्याचं, कारण इथेच बरेच जण फसतात. यूकेचं सिम रोमिंगवर असलं की तुझा डेटा बहुतेक वेळा आधी तुझ्या ब्रिटिश मोबाइल कंपनीकडे जातो आणि तिथून इंटरनेटवर बाहेर पडतो, म्हणजे टॉवर कोथरूडचा पण साईटला दिसणारा आयपी ब्रिटनचा. त्यामुळे फक्त आयपी बघणारी तपासणी तुला आत सोडते. घरच्या वायफायला आयपी भारतीय, लगेच दार बंद. म्हणजे कंपनीने तुला आधी परवानगी दिली आणि मग काढून घेतली असं काही झालेलं नाहीये, आधी तिला तू दिसलाच नाहीस. आणि रोमिंगवर चाललं म्हणजे नियमात बसलं असंही नाही, कारण नियमांच्या पानावर "आमच्या सेवेला मनाई असलेल्या देशात असताना बेट लावणार नाही" अशा अर्थाचं एक वाक्य असतंच आणि त्यावर तू टिक केलेलं असतं. पण तुझ्यासाठी यात एक चांगली गोष्ट आहे, ती अशी की त्या आठवड्यात तू काही लपवलं नाहीस, साधं सिम, साधं ॲप. हे पुढे कामाला येणारे, लक्षात ठेव.

व्हीपीएनने मात्र घोळ केला. लोकांना वाटतं आयपी लंडनचा दिसला की झालं. अरे पण व्हीपीएनचे आयपी हे बहुतेक डेटा सेंटरचे असतात, घरगुती ब्रॉडबँडचे नसतात, आणि कुठले पत्ते डेटा सेंटरचे आहेत याच्या याद्या विकत मिळतात, सगळ्या कंपन्या त्या घेतात. त्याच एका पत्त्यावरून त्याच संध्याकाळी अजून शेकडो लोक आलेले असतात. वर ॲपला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर जीपीएस कोथरूड सांगतंय, फोनचं घड्याळ भारतीय वेळेवर, आणि आयपी म्हणतोय लंडन. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे तू स्वतःच आधी भारतीय वायफायवरून उघडायचा प्रयत्न केलास, तो नकार त्यांच्या लॉगमध्ये नोंदला गेलाय, आणि मग थोड्या वेळाने तोच फोन "लंडन"मधून आत आला. पुणे ते लंडन अर्ध्या तासात कोणी जात नाही. डेस्कवरच्या माणसाला एवढं दिसलं की पुढचं काही शोधायची गरजच राहत नाही.

मग लगेच का नाही पकडलं, जिंकल्यावरच का पकडलं, हा प्रश्न तुझ्या मनात असणार आणि तो रास्त आहे. लॉगिनच्या वेळची तपासणी मशीन करतं आणि ते ढोबळ असतं, पैसे काढायची रिक्वेस्ट आली की मात्र जुना सगळा इतिहास एकदा चाळला जातो, कधी मशीनकडून, कधी माणसाकडून. तुझ्या केसमध्ये अजून एक गोष्ट उठून दिसली असणार. २० च्या बेट लावणारा माणूस अचानक २०० च्या लावायला लागला, तेही नव्या ठिकाणाहून, नव्या नेटवर्कवरून. अशा वेळी पहिली शंका तुझ्यावर येतही नाही, अकाउंट दुसऱ्या कोणी चोरलंय का किंवा तू ते दुसऱ्याला वापरायला दिलंयस का, अशी येते. पासपोर्ट मागतात तो त्यासाठी. पगाराची स्लिप मागतात कारण वाढलेल्या पैशाचा उगम विचारणं त्यांना भाग आहे.

इथे एक नियम तुझ्या बाजूचा आहे. ब्रिटिश लायसन्सच्या अटींमध्ये स्पष्ट आहे की जी माहिती आधीच मागता आली असती ती केवळ पैसे काढायच्या वेळी अट म्हणून पुढे करायची नाही. ओळखपत्राची तपासणी तर २०१९ पासून खेळायला सुरुवात करायच्या आधीच व्हायला हवी. म्हणजे सहा वर्षं तुला खेळू देऊन आता "तू कोण" असं नुसतंच विचारत बसले असते तर तू सरळ तक्रार करू शकला असतास. पण इथे त्यांना नवीन कारण मिळालंय आणि ते व्हीपीएनने तूच दिलंयस, तर हा नियम थोडा हातात ठेव, फार ताणू नकोस.

आता पैशाचा हिशोब. अशा केसमध्ये नियमाप्रमाणे कंपनी बंदी असलेल्या देशातून लावलेल्या बेट रद्द करते. रद्द म्हणजे ती बेट झालीच नाही असं धरायचं, स्टेक परत, जिंकलेले पैसे नाहीत. व्हीपीएनवरच्या दोन बेट रद्द झाल्या तर तुझे ४०० परत आणि ६८० चा नफा गेला, उरले १,१६०. इथवर बहुतेक कंपन्या येतात आणि थांबतात. पण रोमिंगवरच्या तीन बेट पण भारतातूनच लावलेल्या होत्या ना, मग त्या पण रद्द व्हायला हव्यात आणि ते हरलेले ६० परत यायला हवेत, म्हणजे १,२२०, तू निघालास तेव्हा होते तेवढेच. जिंकलेली बेट नियमबाह्य म्हणून रद्द आणि हरलेली बेट मात्र कायदेशीर, असं दोन्हीकडून कंपनीला खाता येत नाही, ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात एकतर्फी अटींना आक्षेप घेता येतो आणि हा मुद्दा मांडायला तो पुरेसा आहे. ६० साठी भांडायचं का ते तू ठरव, पण ईमेलमध्ये एक वाक्य टाकायला काही जात नाही. आणि निघण्यापूर्वीची तुझी सगळी शिल्लक ही डिपॉझिट आणि ब्रिटनमध्ये बसून नीट जिंकलेले पैसे आहेत, ती जप्त करायला त्यांच्याकडे कारण नाहीये. कोणी पूर्ण १,८४० च ठेवून घेतो म्हणाला तर तिथे मात्र माघार घेऊ नकोस.

रीडिंगला असताना लावलेली एखादी लांबची बेट, म्हणजे लीग कोण जिंकणार वगैरे, अजून उघडी असेल तर तिचं टेन्शन घेऊ नकोस. लावताना तू ब्रिटनमध्ये होतास, ती तशीच चालू राहते आणि निकाल लागला की हिशोब होतो. फक्त मध्येच कॅश आउट इथून करता येणार नाही, कारण तो नवा व्यवहार धरतात.

आता करायचं काय. सगळ्यात आधी व्हीपीएन फोनवरून काढून टाक, कागद अपलोड करायला म्हणून पण परत लावू नकोस. मी हे पाहिलंय की माणूस माफीचा मेल लिहितो आणि पासपोर्ट व्हीपीएनवरूनच चढवतो, लॉगमध्ये अजून एक नोंद. साईट उघडत नसेल तर अकाउंटला जो ईमेल रजिस्टर आहे त्यावरूनच सपोर्टला लिही की मी सध्या भारतात आहे, साईट इथे बंद आहे, मला कागद चढवायला सुरक्षित लिंक द्या. आणि खरं लिही. "मी रीडिंगलाच होतो, माझा भाऊ फोन वापरत होता" असलं काही सुचलं असेल तर विसर, कारण मग ते अकाउंट दुसऱ्याने वापरल्याचं प्रकरण होतं आणि तुझे मूळ १,१६० पण धोक्यात येतात. मेल लहान ठेव, साधारण असा:

"मी अमुक तारखेपासून कौटुंबिक आजारपणामुळे भारतात आहे. पहिल्या आठवड्यात ब्रिटिश सिमच्या रोमिंगवर तीन बेट लावल्या, त्यानंतर व्हीपीएन वापरून दोन. भारतातून बेट लावता येत नाही हे मला आता समजलंय. भारतातून लावलेल्या पाचही बेट रद्द करून उरलेली रक्कम माझ्या नोंदलेल्या डेबिट कार्डावर परत करावी. ही माझी औपचारिक तक्रार समजावी."

हे अर्थात इंग्रजीत पाठवायचं. शेवटचं वाक्य गाळू नकोस, त्या वाक्यापासून घड्याळ सुरू होतं. तक्रार निकाली काढायला कंपनीला आठ आठवडे असतात, त्यात उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही तर तू स्वतंत्र लवादाकडे जाऊ शकतोस, बऱ्याच कंपन्यांसाठी तो आयबास असतो, पण तुझ्या कंपनीचा कोणता ते तिच्या तक्रारींच्या पानावर लिहिलेलं असतं. ग्राहकाला फी नसते आणि भारतातून ऑनलाइन अर्ज करता येतो. थेट गॅम्बलिंग कमिशनला लिहून पैसे सुटत नाहीत, ते कंपनीवर लक्ष ठेवतात, एकेका ग्राहकाचा वाद सोडवत नाहीत, हे माहीत नसल्याने लोक महिनाभर तिकडेच वाट बघत बसतात. चॅटवर काही बोलणं झालं तर स्क्रीनशॉट काढून ठेव, आणि बेटचा सगळा इतिहास त्यांच्याकडून ईमेलवर मागून घे, तो मागायचा तुला हक्क आहे.

कधीकधी सपोर्टवाले एकदम गप्प होतात, "प्रकरण तपासात आहे" यापुढे शब्द नाही. तो नेहमी उद्धटपणा असतो असं नाही. पैशाच्या उगमाबद्दल शंका आली आणि त्यांनी ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीला कळवलं असेल तर ते तुला सांगणं हाच गुन्हा ठरू शकतो. तुझ्या रकमेत आणि पगाराच्या स्लिपा नीट असताना असं होईल असं मला वाटत नाही, पण गप्प बसले की लगेच लुबाडलं असा अर्थ लावून शिव्यांचे मेल पाठवू नकोस.

पत्त्यासाठी तीन महिन्यांच्या आतलं ब्रिटिश बँक स्टेटमेंट किंवा काउन्सिल टॅक्सचं बिल दे, कोथरूडच्या घरचं लाइटबिल देऊन गोंधळ वाढवू नकोस. पैसे ज्या कार्डाने भरलेस त्याच कार्डावर परत येतात, मनी लाँडरिंग टाळायला तो नियमच असतो, त्यामुळे ते ब्रिटिश खातं आणि डेबिट कार्ड चालू ठेव. क्रेडिट कार्डाने बेटिंग तिकडे एप्रिल २०२० पासून बंदच आहे, तर तुझं डेबिटच असणार. "पैसे माझ्या पुण्याच्या खात्यात टाका" किंवा "बाबांच्या खात्यात टाका" असं विचारलंस तर अजून एक शंका वाढेल आणि होणारही नाही. आणि ते ब्रिटिश सिम! ओटीपी त्यावरच येणार. प्रीपेड असेल तर काही महिने वापर नसला की नंबर जातो, म्हणून मधूनमधून एखादा एसएमएस पाठव किंवा थोडा टॉप अप कर.

आता केस होईल का. २०२५ चा कायदा खेळ देणाऱ्यावर, त्याची जाहिरात करणाऱ्यावर आणि त्यासाठी पैशाचे व्यवहार करून देणाऱ्यावर आहे, नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. पण म्हणून तू मोकळा आहेस असं समजून इथे परत सुरू करू नकोस, कारण राज्यांचे कायदे वेगळे आहेत, तेलंगणाने तर २०१७ मध्येच ऑनलाइन जुगाराला आपल्या कायद्यात ओढलंय आणि तिथे खेळणाराही सुटत नाही. आणि भारतीय कार्डावरून किंवा खात्यातून त्या अकाउंटमध्ये एक रुपयाही भरायचा नाही, लॉटरी, स्वीपस्टेक असल्या गोष्टींसाठी परदेशात पैसे पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमांत मनाईच आहे. तू भरलेले पैसे ब्रिटनमधले, परत जाणार ब्रिटिश खात्यात, त्यामुळे त्या बाजूने मला तरी अडचण दिसत नाही. उद्या बाबांसाठी कायमचाच पुण्यात राहायचं ठरवलंस तरी तिकडे राहत असताना कमावलेलं आणि तिकडच्या बँकेत असलेलं तुला फेमाप्रमाणे ठेवता येतं. मात्र मग अकाउंट बंद करून टाक, पडून राहू देऊ नकोस, काही कंपन्या बरेच महिने न वापरलेल्या अकाउंटमधून फी कापत जातात. आणि त्या वर्षीचा टॅक्सचा प्रश्न सीएला विचार, कारण ब्रिटनमध्ये जिंकलेल्यावर टॅक्स नाही पण इथला रहिवासी झालास की गणित बदलतं.

एक विचारते, राग मानू नकोस. हॉस्पिटलच्या त्या दिवसांत २० चे २०० झाले ते मला खटकलं. तुझं तुलाच जाणवलं असेल तर गॅमस्टॉपवर नाव टाकता येतं, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, ब्रिटिश लायसन्सच्या सगळ्या ऑनलाइन कंपन्या एकदम बंद होतात. त्याने अडकलेली शिल्लक बुडत नाही, ती त्यांना परत द्यावीच लागते.

आणि हो, तू हे कुठल्या ग्रुपवर टाकलं असशील तर टेलिग्रामवर कोणी ना कोणी गाठेल, "आमचा आतला माणूस आहे, अकाउंट अनलॉक करून देतो, आधी १० टक्के फी". कोणी काही अनलॉक करत नाही, तुझा पासवर्ड आणि पासपोर्टचा फोटो घेऊन जातात. फी मागणारा आला की ब्लॉक कर. बाबांना लवकर बरं वाटो, आणि कंपनीचं पहिलं उत्तर आलं की मला परत लिही, त्यांनी कोणत्या कलमाचा आधार घेतलाय ते बघून पुढचं सांगते.